एप्रिलच्या ८१६ खोल्या : बँकेसाठी ऑक्युपन्सी, सरासरी दर आणि रेव्हपारचे विवरण तयार करताना

आमच्या कुटुंबाच्या चाळीस खोल्यांच्या हॉटेलातील सर्व बाथरूम नव्याने बांधण्यासाठी आम्ही बँकेकडे कर्जाचा अर्ज केला आणि ६ मे २०२५ रोजी बँकेकडून कागदपत्रांची यादी आली. यादीत सात बाबी होत्या आणि त्यांपैकी सहा आमच्या फाइलमध्ये तयार होत्या. सातवी बाब अशी होती : मागील चोवीस महिन्यांचे खोल्यांच्या विक्रीचे महिनानिहाय विवरण, ऑक्युपन्सी, सरासरी दैनिक दर आणि रेव्हपार यांसह, लेखापरीक्षकाने प्रमाणित केलेले. हॉटेलचे हिशेब मी अकरा वर्षांपासून पाहते आणि हे तिन्ही शब्द आमच्या रोजच्या बोलण्यातले आहेत, त्यामुळे हे काम चार दिवसांचे आहे असे मी मोठ्या भावाला सांगितले. प्रत्यक्षात विवरण स्वीकारले जायला सात आठवडे लागले. ज्यांना असे विवरण पहिल्यांदाच करायचे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या सात आठवड्यांत काय काय झाले ते क्रमाने लिहीत आहे. उदाहरणासाठी चोवीसपैकी एकच महिना, एप्रिल २०२५, घेतला आहे, कारण सगळ्या चुका त्या एका महिन्यात एकत्र सापडतात.

आधी तिन्ही शब्दांचा अर्थ. हॉटेलात मोजणीचे एकक खोली नसून रूम नाइट हे असते, म्हणजे एका खोलीची एक रात्र. चाळीस खोल्या आणि तीस रात्री म्हणजे विकण्यासाठी १,२०० रूम नाइट्स. त्यांपैकी किती विकल्या गेल्या याची टक्केवारी म्हणजे ऑक्युपन्सी. खोल्यांपासून मिळालेल्या उत्पन्नाला विकलेल्या रूम नाइट्सनी भागले की सरासरी दैनिक दर, ज्याला आम्ही एडीआर म्हणतो, तो मिळतो. त्याच उत्पन्नाला विकलेल्या नव्हे तर उपलब्ध असलेल्या सर्व रूम नाइट्सनी भागले की उपलब्ध खोलीमागे उत्पन्न, म्हणजे रेव्हपार, मिळतो. रिकाम्या राहिलेल्या खोल्याही भागाकारात येतात, हेच रेव्हपारचे वैशिष्ट्य आहे. ऑक्युपन्सी आणि एडीआर यांचा गुणाकार केला तरी रेव्हपारच येतो, आणि म्हणून बहुतेक जण तो गुणाकार जुळला की विवरण बरोबर आहे असे मानतात. मीही तसेच मानले होते.

७ मे रोजी कामाला सुरुवात केली. आमच्याकडे प्रत्येक दिवसाचा नाइट ऑडिटचा अहवाल असतो. रात्रपाळीचा कर्मचारी दिवस बंद करताना किती खोल्या भरल्या, कोणत्या दराने आणि किती रक्कम पाहुण्यांच्या खात्यांवर चढली, याचा तो एकपानी कागद. तीस कागद पुढे ठेवून मी भरलेल्या खोल्यांची बेरीज केली, ती ८६१ आली. मग खात्रीसाठी हाउसकीपिंगचा सकाळचा तक्ता काढला, ज्यात प्रत्येक मजल्यावरील माणूस खोली उघडून पाहिल्यावर ती भरलेली आहे की रिकामी अशी नोंद करतो. तीन ठिकाणी फ्रंट ऑफिसची नोंद 'भरलेली' आणि हाउसकीपिंगची 'रिकामी' अशी होती. पाहुणे पैसे देऊन निघून गेले होते, पण त्यांचे चेक-आउट संगणकात करायचे राहून गेले होते. अशा खोलीला आमच्या धंद्यात स्लीपर म्हणतात. त्या तीन वगळून आकडा ८५८ झाला. या कामाला चोवीस महिन्यांसाठी पूर्ण तीन दिवस गेले, परंतु ते टाळू नये, कारण दोन वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे केलेल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याची संधी हिशेबात दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या मजल्यावरील २०४ आणि २०५ या दोन खोल्या बाथरूममधून पाणी गळत असल्याने पंधरा दिवस बंद होत्या. त्या कुणाला देताच आल्या नसत्या, म्हणून १,२०० मधून तीस रूम नाइट्स कमी करून मी १,१७० उपलब्ध धरल्या. उत्पन्नासाठी खोल्यांच्या खात्यांवर चढलेली करपूर्व एकूण रक्कम घेतली, ती २८,५७,२०० रुपये होती. मग ऑक्युपन्सी आली ७३.३ टक्के, एडीआर ३,३३० रुपये आणि रेव्हपार २,४४२ रुपये. ऑक्युपन्सी आणि एडीआर यांचा गुणाकार करून पाहिला, तो जुळला. याच पद्धतीने चोवीस महिने पूर्ण केले, शेवटी बारा महिन्यांच्या आकड्यांची सरासरी काढून वर्षाची ओळ लिहिली, लेखापरीक्षकांकडून प्रमाणपत्र घेतले, त्याची फी ८,००० रुपये झाली, आणि १४ मे रोजी विवरण बँकेत दिले.

बारा दिवस काही कळले नाही. २६ मे रोजी विवरण एका पानाच्या टिपणीसह परत आले. टिपणीत तीन मुद्दे होते : अर्जात चाळीस खोल्या दाखवल्या असताना उपलब्ध रूम नाइट्स १,१७० कशा, विवरणातील खोल्यांचे उत्पन्न हिशेबाच्या पुस्तकातील खोल्यांच्या उत्पन्नाशी जुळत नाही, आणि वर्षाची सरासरी महिन्यांच्या आकड्यांवरून पुन्हा काढता येत नाही. ते पान वाचताना मला फार लाज वाटली. आम्ही आकडे फुगवून दाखवले आहेत असे बँकेला वाटले असेल, ही भीती तर त्याहून मोठी होती. दोन दिवसांनी, २८ मे रोजी, वेळ मागून मी ते तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटले.

त्यांनी पहिल्यांदा विचारले, "तुम्ही कर्ज किती खोल्यांसाठी मागता आहात?"

"चाळीस खोल्यांसाठी, सर."

"मग त्यांतील दोन गळत होत्या हे मला विवरणात दिसायला हवे. तुम्ही त्या काढून टाकल्या, म्हणजे बँकेच्या दृष्टीने गळती झालीच नाही."

या उत्तरावर मी परतीच्या वाटेत बराच विचार केला. समजा चाळीसपैकी वीस खोल्या नादुरुस्त झाल्या आणि उरलेल्या वीस रोज भरल्या, तर माझ्या पद्धतीने ऑक्युपन्सी शंभर टक्के दिसेल. हॉटेलची अवस्था जितकी वाईट, तितका आकडा चांगला, असे हे गणित होते. देखभालीतील दिरंगाईमुळे गेलेली कमाई ही हॉटेलचीच गमावलेली कमाई आहे आणि रेव्हपारमध्ये ती उतरली पाहिजे. लेखापरीक्षकांनीही नंतर सांगितले की हॉटेलांसाठीच्या हिशेबाची जी एकसमान पद्धती जगभर वापरली जाते आणि जिची पहिली आवृत्ती १९२६ मध्ये निघाली, तिच्यातही दुरुस्तीसाठी थोड्या दिवसांकरिता बंद असलेली खोली उपलब्ध खोल्यांतच मोजतात. हॉटेलांचे आकडे गोळा करून त्यांची तुलना करणारी एसटीआर ही संस्थाही तसेच करते. खोली दीर्घकाळ, म्हणजे सहा महिने किंवा अधिक, विक्रीतून बाहेर गेली असेल तरच तिचा वेगळा विचार होतो. आमच्या दोन खोल्या पंधरा दिवस बंद होत्या, त्यामुळे एप्रिलचा भाजक १,२०० हाच बरोबर होता.

दुसरी चूक अधिकाऱ्यांच्या टिपणीत नव्हती, ती मला स्वतःला सापडली. ८५८ भरलेल्या रूम नाइट्समध्ये १८ कॉम्प्लिमेंटरी होत्या, म्हणजे तक्रारीची भरपाई म्हणून किंवा मोठ्या गटाच्या आयोजकाला विनाशुल्क दिलेल्या, आणि २४ हाउस यूजच्या होत्या, म्हणजे उशिरा सुटणाऱ्या आमच्याच कर्मचाऱ्यांना झोपण्यासाठी दिलेल्या. या ४२ रात्री खोल्या भरलेल्या होत्या, पण विकलेल्या नव्हत्या. त्या वगळल्यावर विकलेल्या रूम नाइट्स ८१६ राहिल्या. भरलेली आणि विकलेली हा फरक आपण बोलताना करत नाही, पण विवरणात तो केलाच पाहिजे. हाउसकीपिंगच्या माणसाला ८५८ खोल्या साफ कराव्या लागल्या, म्हणून साबण, चादरी आणि मनुष्यबळ यांचा हिशेब करताना ८५८ हाच आकडा लागतो. बँकेला विक्री पाहायची आहे, तिथे ८१६.

तिसरी दुरुस्ती उत्पन्नाची. खोलीच्या खात्यावर चढलेली प्रत्येक रक्कम खोलीचे उत्पन्न नसते, ही साधी गोष्ट मी घाईत विसरले होते. २८,५७,२०० रुपयांमध्ये कपडे धुणे आणि गाडी यांचे ६१,२०० रुपये होते, ते तर उघडच वेगळे होते. न्याहारी मात्र दडलेली होती. एप्रिलमध्ये ४८० रूम नाइट्स न्याहारीसह दराने विकल्या गेल्या होत्या आणि संगणकात तो एकच दर खोलीच्या नावावर चढत होता. आमच्याच दरपत्रकात न्याहारीसह आणि न्याहारीविना दरांत खोलीमागे ३०० रुपयांचा फरक आहे. म्हणजे १,४४,००० रुपये उपाहारगृहाच्या उत्पन्नाचे होते. आमचे लेखापाल महिन्याच्या शेवटी ही रक्कम एका नोंदीने उपाहारगृहाकडे वळवतात, म्हणूनच पुस्तकातील खोल्यांचे उत्पन्न माझ्या आकड्यापेक्षा कमी होते आणि बँकेने नेमके तेच पकडले होते. दोन्ही रकमा वजा केल्यावर खोल्यांचे उत्पन्न २६,५२,००० रुपये राहिले, आणि ते पुस्तकाशी रुपयासुद्धा न चुकता जुळले. हा आकडा जुळला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी तो भावाला फोन करून सांगितला.

प्रवासाच्या संकेतस्थळांवरून आलेल्या आरक्षणांबद्दल मला बराच वेळ निर्णय घेता आला नाही. काही संकेतस्थळे पाहुण्याकडून स्वतः पैसे घेतात आणि आपला वाटा कापून उरलेली रक्कम आम्हाला देतात. काहींच्या बाबतीत पाहुणा पूर्ण पैसे आमच्या काउंटरवर देतो आणि आम्ही नंतर कमिशन भरतो. लेखापरीक्षकांच्या सल्ल्याने पहिल्या प्रकारात हाती आलेली रक्कम हेच उत्पन्न धरले, कारण पाहुण्याने प्रत्यक्षात किती दिले हे आम्हाला कळतच नाही, आणि दुसऱ्या प्रकारात पूर्ण रक्कम उत्पन्न धरून कमिशन खर्चात दाखवले. दोन्ही वर्षांत एकच नियम लावला आहे असे विवरणाखाली एका वाक्यात लिहिले. हा नियम मध्येच बदलला तर एकही खोली जास्त न विकता एडीआर वर किंवा खाली गेल्यासारखा दिसतो.

आता एप्रिलचे खरे आकडे असे झाले. उपलब्ध १,२००, विकलेल्या ८१६, खोल्यांचे उत्पन्न २६,५२,००० रुपये. ऑक्युपन्सी ६८ टक्के, एडीआर ३,२५० रुपये, रेव्हपार २,२१० रुपये. मी आधी दिलेला रेव्हपार २,४४२ होता. म्हणजे प्रत्येक खोलीमागे, रोज रात्री, २३२ रुपये मी जास्त सांगितले होते.

गुणाकार जुळूनही विवरण चुकले कसे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. म्हणून मी एक प्रयोग केला. उत्पन्न आणि उपलब्ध खोल्या दोन्ही बरोबर ठेवून फक्त ८१६ च्या जागी ८५८ घातले. ऑक्युपन्सी ७१.५ टक्के झाली, एडीआर ३,०९१ रुपये झाला, आणि रेव्हपार? तोच, २,२१०. विकलेल्या खोल्यांचा आकडा ऑक्युपन्सीत अंश म्हणून येतो आणि एडीआरमध्ये छेद म्हणून, त्यामुळे गुणाकारात तो कटून जातो. फुकट दिलेल्या खोल्या विकलेल्यांत मिसळल्या तर ऑक्युपन्सी जितकी फुगते तितकाच एडीआर आक्रसतो आणि रेव्हपारला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे गुणाकार जुळणे हा कसलाच पुरावा नाही. आकडे कितीही चुकीचे असले तरी तो जुळणारच. पुरावा म्हणून तीन वेगळ्या ठिकाणी जावे लागते : उपलब्ध खोल्यांसाठी दिनदर्शिका आणि परवान्यातील खोल्यांची संख्या, विकलेल्या खोल्यांसाठी हाउसकीपिंगचा तक्ता आणि फुकट खोल्यांची नोंदवही, उत्पन्नासाठी हिशेबाचे पुस्तक.

टिपणीतील शेवटचा मुद्दा वर्षाच्या सरासरीचा होता. बारा महिन्यांचे बारा एडीआर मिळवून मी बाराने भागले होते. यात काय बिघडते हे एप्रिलच्याच दोन तुकड्यांत चांगले दिसते. त्या महिन्यात शुक्रवार आणि शनिवार मिळून आठ रात्री होत्या, म्हणजे ३२० उपलब्ध रूम नाइट्स. त्यांपैकी २८८ विकल्या गेल्या, सरासरी ४,००० रुपयांनी, उत्पन्न ११,५२,००० रुपये. उरलेल्या बावीस रात्रींत ८८० पैकी ५२८ विकल्या गेल्या आणि उत्पन्न झाले १५,००,००० रुपये, म्हणजे सरासरी दर सुमारे २,८४१. आता ४,००० आणि २,८४१ यांची नुसती सरासरी काढली तर ३,४२० येते. खरा एडीआर ३,२५० आहे. ऑक्युपन्सीचेही तसेच : नव्वद आणि साठ यांची सरासरी पंचाहत्तर, प्रत्यक्षात अडुसष्ट. आठ रात्रींना बावीस रात्रींइतकेच वजन दिल्यामुळे हे झाले. टक्केवाऱ्या आणि सरासऱ्या यांची पुन्हा सरासरी काढायची नसते. मूळ तीन बेरजा, म्हणजे उपलब्ध, विकलेल्या आणि उत्पन्न, वर्षभराच्या एकत्र करायच्या आणि मग एकदाच भागाकार करायचा. मी विवरणात या तीन बेरजांचे स्वतंत्र रकाने ठेवले नव्हते, म्हणून अधिकाऱ्यांना माझी वर्षाची ओळ पडताळता येत नव्हती. नव्या विवरणात ते रकाने आधी आणि तिन्ही प्रमाणे नंतर, असा क्रम ठेवला.

दुसऱ्या प्रमाणपत्राची फी ३,००० रुपये पडली. विवरणाचा कच्चा मसुदा प्रमाणपत्राआधीच अधिकाऱ्यांना दाखवला असता तर ती वाचली असती, आणि भेटीत त्यांनी स्वतःच सांगितले की असा मसुदा ते आनंदाने पाहतात. ९ जून रोजी सुधारित विवरण दिले. पहिल्या आणि दुसऱ्या विवरणातील फरक का पडला याचे एक पान सोबत जोडले, त्यात सगळ्या चुका आणि त्यांचे प्रत्येकी रुपयांतील परिणाम लिहिले. हे पान कुणी मागितले नव्हते, पण आकडे खाली आल्यावर त्याचे कारण आपणच आधी सांगितलेले बरे, असे मला वाटले.

१७ जून रोजी ते अधिकारी प्रत्यक्ष पाहणीसाठी आले. त्यांनी चोवीस महिन्यांतील कोणत्याही चार तारखा निवडल्या आणि त्या चार दिवसांचे नाइट ऑडिटचे कागद, हाउसकीपिंगचे तक्ते आणि पाहुण्यांची नोंदवही समोर मागितली. कागद तारखेनुसार फाइल केलेले होते म्हणून अर्ध्या तासात हे आटोपले. २०४ मधील नव्या लाद्या त्यांनी स्वतः वाकून पाहिल्या, कडेच्या भेगेवर बोट फिरवले आणि वहीत काहीतरी लिहिले. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो विवरणातील चुकांपेक्षा मला अधिक शिकवून गेला.

त्यांनी एप्रिल २०२४ आणि एप्रिल २०२५ या दोन ओळींवर बोट ठेवले. आदल्या वर्षी ७४४ रूम नाइट्स विकल्या होत्या, ऑक्युपन्सी ६२ टक्के, एडीआर ३,६००, उत्पन्न २६,७८,४०० आणि रेव्हपार २,२३२. या वर्षी ऑक्युपन्सी सहा अंशांनी वाढली आणि रेव्हपार मात्र २२ रुपयांनी घटला. "यात सुधारणा झाली की नाही?" त्यांनी विचारले. भावाने जानेवारीत मधल्या वारांचे दर खाली आणले होते आणि हॉटेल आता जास्त भरलेले असते याचे आम्हा दोघांना समाधान होते. भाऊ म्हणाला, "रेव्हपार जवळजवळ तेवढाच राहिला आणि पाहुणे वाढले, म्हणजे सुधारणाच की."

अधिकाऱ्यांनी वाद घातला नाही. एक खोली एक रात्र विकली गेली की तिच्यावर आमचा किती जादा खर्च होतो, एवढेच त्यांनी विचारले. चादरी आणि टॉवेल धुणे, साबण आणि इतर वस्तू, वीज आणि गरम पाणी, कमिशनचा सरासरी वाटा असे धरून आम्ही तो खर्च ५५० रुपये काढला. मग हिशेब सोपा होता. आदल्या वर्षी प्रत्येक विकलेल्या खोलीतून ३,०५० रुपये मागे राहत होते. ७४४ खोल्यांचे २२,६९,२०० रुपये. या वर्षी प्रत्येकीतून २,७०० रुपये राहिले. ८१६ खोल्यांचे २२,०३,२०० रुपये. बहात्तर खोल्या जास्त विकून हाती ६६,००० रुपये कमी आले. रेव्हपारमध्ये यातील फक्त उत्पन्नाची घट, म्हणजे २६,४०० रुपये, दिसत होती. जादा खोल्यांवरचा ३९,६०० रुपयांचा खर्च त्याच्या नजरेबाहेर राहतो, कारण रेव्हपार उत्पन्नाचे माप आहे, खर्च त्यात येतच नाही.

ते गेल्यावर आम्ही दोघे बसलो आणि दर ३,२५० केला तेव्हा किती खोल्या विकायला हव्या होत्या ते काढले. आदल्या वर्षीइतके उत्पन्न येण्यासाठी ८२५. आदल्या वर्षीइतके पैसे मागे राहण्यासाठी ८४१. आम्ही विकल्या ८१६. दर कमी करण्यापूर्वी हा भागाकार करायला पाच मिनिटे लागली असती. दर कमी करणे चूकच होते असे मी म्हणणार नाही; मधल्या वारांची साठ टक्के ऑक्युपन्सी पाहता तिथे प्रयत्न करणे योग्यच होते. पण आम्ही यश ऑक्युपन्सीवर मोजत होतो, आणि दर उतरवून वाढवलेली ऑक्युपन्सी ही तीन आकड्यांतील सर्वांत फसवी गोष्ट आहे. तसेच नुसत्या एडीआरकडे पाहणाऱ्याची उलट दिशेने फसगत होते, कारण महिनाभरात एकच खोली ९,००० रुपयांना विकली तरी एडीआर ९,००० च येतो.

दोन वर्षांतील एकाच महिन्याची तुलना करताना आणखी एक गोष्ट पाहावी. एप्रिल २०२४ आणि एप्रिल २०२५ या दोन्ही महिन्यांत शुक्रवार आणि शनिवार मिळून आठच रात्री होत्या, म्हणून आमची तुलना रास्त होती. मे महिन्यात मात्र २०२४ साली अशा नऊ रात्री आणि २०२५ साली दहा होत्या. ज्या हॉटेलात त्या रात्रींचा रेव्हपार ३,६०० आणि इतर रात्रींचा १,७०५ आहे, तिथे एक रात्र इकडची तिकडे झाल्याने चाळीस खोल्यांवर सुमारे ७५,८०० रुपयांचा फरक पडतो. ही वाढ दिनदर्शिकेने दिलेली असते. विवरणात मी या रात्रींच्या संख्येचा एक लहान रकाना स्वतःहून घातला आहे.

२४ जून रोजी विवरण स्वीकारल्याचे पत्र आले. कर्ज फेडेपर्यंत दर महिन्याचे विवरण पुढील महिन्याच्या दहा तारखेच्या आत, याच नमुन्यात द्यावे, अशी अट त्यात आहे. आता नाइट ऑडिटचा कागद सकाळी आला की त्याच दिवशी सहा आकड्यांची एक ओळ तक्त्यात भरली जाते : उपलब्ध, भरलेल्या, कॉम्प्लिमेंटरी, हाउस यूज, विकलेल्या आणि खोल्यांचे न्याहारी वगळून उत्पन्न. संगणकात न्याहारीसह दर दोन भागांत चढेल असा बदलही करून घेतला. ते काम सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी मोफत केले, फक्त त्यासाठी तीन आठवडे मागे लागावे लागले.

जुलैचे विवरण ८ ऑगस्टला दिले. फ्रंट ऑफिसमधील नव्या मुलीने तो महिना पहिल्यांदाच स्वतः भरला होता आणि तिने उपलब्ध रूम नाइट्सच्या रकान्यात १,२४० लिहून त्याखाली पेन्सिलने नोंद केली होती : "३०७ चे वातानुकूलन यंत्र चार दिवस बंद होते, तरी वजा केलेले नाही."